फडाचं पुस्तक: कॅटलॉगला आपला शब्द ठाऊक नसतो तेव्हा

पार्श्वभूमी

मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. पावसाळा सरत आला होता. एका दुपारी साठीचे एक गृहस्थ काउंटरवर आले. त्यांना आपण आप्पा म्हणू. पांझरेच्या काठावरच्या एका गावात ते पाणी वापर संस्थेचे सचिव होते. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "ताई, फडनं पुस्तक शे का?"

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. फड ही पांझरा, मोसम अशा नद्यांवर तीनचारशे वर्षं चालत आलेली सिंचनाची रीत आहे. नदीवर दगडी बंधारा असतो, त्यातून पाट निघतो आणि पाटाखालची जमीन मोठमोठ्या फडांत विभागलेली असते. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचं आणि ते कोणतं, हे गावाने मिळून ठरवायचं. पाणी सोडण्याचं काम पाटकरी करतो, राखण जागल्या करतो. आप्पांच्या बंधाऱ्यावर ही पद्धत अर्धीमुर्धी शिल्लक होती. शेवटाकडच्या शेतकऱ्यांना रब्बीत पाणी पुरत नव्हतं. वरच्या बाजूचे म्हणत होते, "पहिल्यापासून असंच आहे." आप्पांना रब्बीच्या बैठकीआधी, म्हणजे तीन आठवड्यांत, जुन्या नियमांबद्दल छापील काही हवं होतं. वाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीवर बैठकीत कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

मला स्वतःला फडाची माहिती होती ती लहानपणी मामाच्या गावी पाहिली तेवढीच. सिंचनावरचं एकही गंभीर पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. म्हणजे विषय वाचकाला ओळखीचा आणि ग्रंथपालाला अनोळखी, अशी ही स्थिती होती.

अडचण

पहिले चार दिवस मी वाया घालवले. ते कसे गेले हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण अनोळखी विषयात बहुतेक सगळे इथेच अडकतात.

मी आमच्या संगणकावर शीर्षकात "फड" टाकलं. तमाशाच्या फडावरची दोन पुस्तकं आणि ऊसतोडणीवरची एक कादंबरी आली. मग एका मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये रोमन लिपीत `phad` टाकलं, तर राजस्थानातल्या फड चित्रांची पुस्तकं समोर आली. "पाणी वाटप" टाकल्यावर आंतरराज्य नदी तंट्यांवरची पुस्तकं निघाली. शेवटी मी शेतीच्या, म्हणजे 630 च्या कपाटापाशी गेले आणि हाताला लागलेली ठिबक सिंचनाची दोन पुस्तकं आप्पांना दिली.

ते दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन आले. चिडले नाहीत, पण म्हणाले, "ताई, नळी कशी टाकायची ते मला माहीत आहे. पाणी कुणाला आधी द्यायचं, ते मला पाहिजे."

हे वाक्य मी पहिल्याच दिवशी काढून घ्यायला हवं होतं. "फडाचं पुस्तक" ही मागणी होती, प्रश्न दुसराच होता. टंचाईत पाण्याची पाळी आणि वाटा ठरवण्याचे जुने नियम काय होते, ते कुणी पाहून लिहिले आहेत का, हा तो प्रश्न. तो कागदावर लिहिल्यावर एक गोष्ट उघड झाली. मला तंत्राचं पुस्तक नको होतं. हक्क, व्यवस्थापन आणि इतिहास या अंगाने लिहिलेलं पुस्तक हवं होतं.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी मी तीन वाटांचा विचार केला.

एक वाट होती इंटरनेटवर शोधत राहण्याची. फडावर तिथे भरपूर मजकूर आहे. पण मी उघडलेल्या पाच लेखांत तेच दोन परिच्छेद जवळजवळ त्याच शब्दांत होते आणि मूळ कुठलं, ते एकानेही सांगितलं नव्हतं. बैठकीत "हे कुठे लिहिलंय?" असा प्रश्न आला असता तर आप्पा उघडे पडले असते.

दुसरी वाट जाणकाराला विचारण्याची. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते माझ्या ओळखीचे होते. पण ते एका बाजूचे आहेत असा गावात समज होता, म्हणून आप्पांनाच ते नको होते.

तिसरी वाट कॅटलॉगची होती, पण पद्धतशीर. एखादं तरी नेमकं पुस्तक शोधायचं, त्याला ग्रंथालयाने कोणते विषय दिलेत ते पाहायचं आणि त्या शब्दांनी पुन्हा शोधायचं. मग त्या पुस्तकांच्या शेवटच्या संदर्भसूच्या वाचायच्या. ही वाट संथ आहे. मी ती निवडली, कारण तिच्या शेवटी पान क्रमांकासह आधार मिळतो.

काय केलं: विषयशीर्षकापर्यंत पोचणं

सगळ्यात आधी "फड" हा शब्द का चालत नाही ते समजून घेतलं. शीर्षकातले शब्द लेखक निवडतो. विषयशीर्षक मात्र ग्रंथालय ठरवतं आणि ठरलेल्या यादीतूनच देतं. एकाच गोष्टीला दहा लेखक दहा नावं देतात, पण यादीत ती एका नावाखाली येते. जगभर सर्वात जास्त वापरली जाणारी यादी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची आहे. तिथला एक संकेत असा की पुस्तकाचा साधारण 20 टक्के भाग एखाद्या विषयावर असेल, तरच त्या विषयाचं शीर्षक पुस्तकाला मिळतं. फडावर सहसा एखादं प्रकरण असतं, कधी नुसती चारपाच पानं. तेव्हा फडाबद्दल उत्तम लिहिलेलं पुस्तकसुद्धा कॅटलॉगमध्ये "फड" या शब्दाने सापडणार नाही. एक पायरी वर चढून त्या पुस्तकाचा एकूण विषय काय असेल, याचा विचार करावा लागतो.

मी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगमध्ये (catalog.loc.gov) साधे दोन शब्द टाकले: `irrigation maharashtra`. यादी लांबलचक आली. तिच्यातून शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या सिंचनावरचं एक पुस्तक निवडलं आणि त्याची पूर्ण नोंद उघडली. खाली विषयांच्या ओळी होत्या. त्या मी वहीत जशाच्या तशा उतरवून घेतल्या:

```
Irrigation--India--Maharashtra
Water rights--India--Maharashtra
```

या ओळींची रचना पाहण्यासारखी आहे. आधी विषय, मग देश, मग राज्य. "Khandesh irrigation" असं बोलल्यासारखं तिथे लिहिलेलं नसतं. शिवाय "पाण्याचा हक्क" हा वेगळा विषय आहे, हे मला दुसऱ्या ओळीमुळे कळलं. आप्पांचा प्रश्न नेमका तिथे बसत होता आणि मी चार दिवस एकदाही त्या शब्दाने शोधलं नव्हतं. नोंदीतल्या विषयशीर्षकावर टिचकी मारली की तेच शीर्षक असलेली सगळी पुस्तकं एका रांगेत येतात. यादीत पुढेमागे सरकलं की शेजारची शीर्षकंही दिसतात: इतिहास, व्यवस्थापन, कायदे. `phad` टाकून एकही कामाचं पुस्तक मिळालं नव्हतं, इथे अर्ध्या तासात अकरा नावं वहीत आली.

नावांचा घोळ

अकरापैकी एकही मराठी नव्हतं. मराठीत कुणी लिहिलंच नसेल, असं मला क्षणभर वाटलं. पण घोटाळा लिप्यंतराचा होता. परदेशी ग्रंथालयं मराठी शीर्षकं रोमन लिपीत ठरावीक नियमाने लिहितात आणि आपण बोलताना गाळतो तो "अ" त्यात कायम राहतो. त्यामुळे खानदेश तिथे `Khānadeśa` होतं आणि सिंचन `siñcana`. वरखालच्या खुणा टाकायची गरज नसते, पण अक्षरं तीच लागतात. `khandesh` ऐवजी `khanadesa` आणि `sinchan` ऐवजी `sincana` टाकल्यावर मराठी पुस्तकं यायला लागली.

दुसरा घोळ आपल्या भागाच्या बदलत्या नावांचा आहे. ब्रिटिश काळात एकच खान्देश जिल्हा होता. 1906 साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खान्देशाचा पुढे धुळे जिल्हा झाला, ज्याचं इंग्रजी स्पेलिंग बराच काळ `Dhulia` होतं. त्यातून 1998 मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. पुस्तक ज्या काळातलं, त्या काळाचं नाव त्यात असतं. नदीचंही तसंच आहे. आज आपण `Panzara` लिहितो, जुन्या सरकारी ग्रंथांत `Panjhra` आहे. मी वहीच्या एका पानावर उभ्या दोन रेघा मारल्या आणि एकेका गोष्टीची सगळी रूपं शेजारी शेजारी लिहिली. हे पान आप्पांच्या मुलाच्या फार कामी आलं. तो घरी मोबाइलवर शोधत होता आणि चुकीच्या स्पेलिंगमुळे रोज नाउमेद होत होता.

कपाट एक नसतं

नंतर मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. तिथे कोहा हे सॉफ्टवेअर आहे. त्यात शोधशब्दाआधी `su:` लावलं की शोध फक्त विषयाच्या रकान्यात होतो:

```
su:irrigation
```

आलेल्या पुस्तकांचे वर्गांक पाहिले आणि माझी जुनी चूक लक्षात आली. ड्यूई वर्गीकरण विषयाला त्याच्या शास्त्राप्रमाणे जागा देतं. शेतकरी पाणी कसं देतो, हे 631.587 मध्ये. बंधारा आणि कालवा कसा बांधतात, हे अभियांत्रिकीत, 627.52 मध्ये. पाणी ही संपत्ती आहे, ते कुणाच्या वाट्याला किती आणि कसं यावं, हे अर्थशास्त्राच्या बाजूला, 333.913 मध्ये. महाराष्ट्राचा इतिहास पार तिकडे, 954.792 ला. मी 630 च्या कपाटापाशीच उभी राहिले होते, म्हणून ठिबकची पुस्तकं हाती लागली. आप्पांचं उत्तर असलं तर 333 मध्ये असणार होतं. ड्यूईच्या शेवटच्या खंडात सापेक्ष निर्देशसूची असते. तिच्यात "सिंचन" काढलं की ही सगळी ठिकाणं एकाखाली एक दिसतात. ग्रंथपाल म्हणून मला ती माहीत होती, पण वर्षानुवर्षं तिचा उपयोग मी नवी पुस्तकं दाखल करताना केला, वाचकासाठी शोधताना नाही.

333 च्या कपाटात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचं 1997 चं "डाइंग विझडम" मिळालं. भारतातल्या पारंपरिक जलव्यवस्थांवरचा हा मोठा ग्रंथ अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी संपादित केला आहे. त्यात फडावर स्वतंत्र मजकूर आहे. पहिलं नेमकं पुस्तक हाती आलं होतं.

संदर्भसूच्या समोरासमोर ठेवणं

इथे दुसरा निर्णय आला. पुस्तक मिळालं, आप्पांना द्यायचं का? दोन आठवडे उरले होते. मी द्यायचं नाही असं ठरवलं, निदान एवढ्यात नाही. देशभराचा आढावा घेणारा ग्रंथ एका पद्धतीबद्दल दुसऱ्यांच्या अभ्यासावरून सांगतो. त्याचा खरा उपयोग मला त्याच्या संदर्भांसाठी करायचा होता.

तीन संदर्भसूच्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. एक या ग्रंथातली, दुसरी आधी निवडलेल्या इंग्रजी पुस्तकाची, तिसरी शोधगंगेवर मिळालेल्या एका पीएच.डी. प्रबंधाची. शोधगंगेवर बहुतेक प्रबंधांचं एकेक प्रकरण वेगळ्या पीडीएफमध्ये असतं, त्यामुळे पूर्ण प्रबंध न उतरवता शेवटची संदर्भसूची तेवढी उघडता येते. ज्या नोंदी दोन याद्यांत होत्या त्यांना पेन्सिलने एक खूण केली, तिन्हींत होत्या त्यांना दोन. दोन खुणांच्या नोंदी अवघ्या चार निघाल्या.

त्यातली सर्वात जुनी म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड, खान्देश, 1880. तिन्ही लेखक वेगवेगळ्या काळात तिथेच जाऊन पोचले होते. इंटरनेटवरचे ते एकसारखे परिच्छेदही याच साखळीच्या टोकाचे होते. गॅझेटिअरचा खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहे. शेतीच्या प्रकरणात सिंचनाचा भाग आहे आणि पाटाच्या पाण्यावरची जमीन म्हणजे पाटस्थळ, विहिरीच्या पाण्यावरची मोटस्थळ, हे शब्दही. या दोन शब्दांनी पुढचे दरवाजे उघडले, कारण जुन्या मराठी कागदपत्रांत "सिंचन" क्वचित येतं, "पाटस्थळ" सापडतं.

संदर्भसूचीचा एक दोष मात्र ध्यानात ठेवावा लागतो. ती मागेच बघते. 1997 च्या ग्रंथात 2005 चा कायदा असणार नाही आणि आप्पांची संस्था तर शेतकऱ्यांकडे सिंचन व्यवस्थापन देणाऱ्या त्याच कायद्याखाली चालते. पुढच्या काळासाठी मी पुन्हा विषयशीर्षकाकडे वळले आणि निकाल सालाप्रमाणे उलटे लावले. शिवाय लेखकाच्या रकान्यात माणसाऐवजी संस्था टाकून पाहिली. सरकारी अहवालांचा लेखक बहुतेक वेळा एखादं खातं किंवा आयोग असतो. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा 1999 चा अहवाल असाच मिळाला. नुसतं शीर्षकावरून शोधत राहिले असते तर तो माझ्या हाती लागला नसता.

निवड

वहीत आता तेवीस नावं होती. आप्पा तेवीस पुस्तकं वाचणार नव्हते. प्रत्येक पुस्तकाची मी तीन ठिकाणं पाहिली: शेवटची शब्दसूची, तिच्यात पाटकरी किंवा फड येतो का. प्रस्तावना, लेखक त्या बंधाऱ्यांवर स्वतः गेला होता का. आणि फडाच्या पानांवरच्या तळटीपा, त्यांत गावाचं नाव, बंधाऱ्याचं नाव, वर्ष आहे का. ज्यात फक्त "पूर्वीच्या काळी शेतकरी गुण्यागोविंदाने पाणी वाटून घेत" एवढंच होतं, ती बाजूला काढली. या एका वाक्याने सात पुस्तकं गळाली. भांडण मिटवायला निघालेल्या माणसाच्या ते कामाचं नव्हतं.

शेवटी चार ठेवली. आधी वाचायचा 1997 च्या ग्रंथातला फडाचा भाग, म्हणजे एकूण चित्र कळेल. मग शेतकरीचलित सिंचनावरचं इंग्रजी पुस्तक, कारण त्यात टंचाईच्या वर्षीचे निर्णय सविस्तर होते. त्याची एकवीस पानं मी छायाप्रत काढून आप्पांच्या मुलाकडे दिली आणि त्याने ती घरी मराठीत वाचून दाखवली. त्यानंतर गॅझेटिअर, शेवटी आयोगाचा अहवाल. क्रम मुद्दाम लावला होता. गॅझेटिअर आधी दिलं असतं तर इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतलं चित्र पहिलं मनात बसलं असतं.

काय निष्पन्न झालं

बैठकीत आप्पांनी छायाप्रतीतली दोन पानं वाचून दाखवली. पाणी कमी असेल त्या वर्षी त्या हंगामाला कोणत्या फडाला पाणी द्यायचं हे सगळ्यांनी आधी ठरवायचं, एकेका शेतकऱ्याचं पाणी मध्येच तोडायचं नाही, असा त्या पानांचा आशय होता. "पहिल्यापासून असंच आहे" हा मुद्दा त्यापुढे टिकला नाही. त्या रब्बीपुरती पाळी शेवटाकडून सुरू करायची, एवढं मान्य झालं. पुढच्या वर्षाचं काही ठरलं नाही.

एक गोष्ट मिळाली नाही. आप्पांच्या स्वतःच्या बंधाऱ्याचे नियम कुठल्याही पुस्तकात नव्हते. शेजारच्या बंधाऱ्यांचे होते, त्यांच्या गावाचं नुसतं नाव होतं. ते नियम असतील तर महसुलाच्या जुन्या दप्तरात असतील आणि तो शोध कॅटलॉगचा नाही. हे मी त्यांना दुसऱ्या आठवड्यातच सांगायला हवं होतं. मी आशेवर ठेवलं आणि बैठकीच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या भेटीत दहा मिनिटं बसून विचारेन: हे वाचून तुम्हाला काय ठरवायचं आहे? त्या उत्तरावरून कपाट ठरतं. शेती, बांधकाम की हक्क.

जिल्ह्याशी संबंधित कुठलाही जुना विषय असेल तर गॅझेटिअर पहिल्याच दिवशी उघडेन. ते शेवटी द्यायचं असलं तरी त्यातले शब्द सुरुवातीलाच हवेत. पाटस्थळ हा शब्द मला बाराव्या दिवशी मिळाला. तो पहिल्या दिवशी मिळाला असता, तर मराठी साधनं शोधायला आणखी दहा दिवस हातात राहिले असते.

आणि शोधांची वही पहिल्यापासून ठेवेन: तारीख, कोणता कॅटलॉग, कोणता शब्द, किती निकाल, त्यातले कामाचे किती. मी ती पाचव्या दिवशी सुरू केली. त्याआधी `phad` हा शब्द त्याच कॅटलॉगमध्ये तीनदा टाकला होता, हे ब्राउझरचा इतिहास पाहिल्यावर कळलं.

आमच्या वाचनालयात विषयाचा रकाना बहुतेक नोंदींना कोराच आहे. दाखल नोंदवहीवरून संगणकात भरताना शीर्षक, लेखक आणि किंमत एवढंच गेलं. सगळं सुधारणं माझ्या एकटीच्या हातचं नाही. पण जुनं कार्डाचं कपाट अजून दाराशी आहे आणि वाचक अजूनही त्याचे खण ओढून पाहतात. आप्पा छायाप्रती परत द्यायला आले त्या दिवशी मी एक कोरं कार्ड घेतलं आणि "फ" च्या खणात लावलं:

फड (सिंचन). पाहा: सिंचन – महाराष्ट्र, पाण्याचा हक्क, पाटस्थळ. कपाटं 333, 627, 631, 954.

आप्पांनी ते वाचलं आणि म्हणाले, "जागल्या पण लिहा ना ताई." मी दुसरं कार्ड काढलं.